‘कधीही’ म्हणजे कधीही : व्हिसाच्या अर्जातले दोन प्रश्न

रविवारची सकाळ आहे आणि आउटर रिंग रोड आज रिकामा आहे. तरीही तुम्ही बेळ्ळंदूरच्या या क्लबहाउसमध्ये येऊन बसलात, त्याबद्दल आभार.

मी वकील नाही, आधीच सांगते. मी मूळची निपाणीची. इथल्याच एका आयटी कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर मी अकरा वर्षं काढली. लोकांचे व्हिसाचे अर्ज तपासायचे हे माझं काम होतं. आज मी सगळ्या व्हिसाबद्दल बोलणार नाही. अर्जातल्या दोनच प्रश्नांबद्दल बोलणार आहे. पहिला, तुम्ही याआधी कुठे कुठे प्रवास केलात? आणि दुसरा, तुम्हाला व्हिसा किंवा प्रवेश कधी नाकारला गेलाय का? ऑफिसात शेकडो अर्ज पाहिले, पण हे दोन प्रश्न मला खरे कळले ते घरच्या एका अर्जामुळे. तोच सांगते.

२०१९ ची गोष्ट. माझा दीर इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. त्याच्याकडे बाळ झालं होतं आणि सासूबाईंना नातवाला बघायला जायचं होतं. त्यांचं वय तेव्हा सदुसष्ट. मी ऑफिसच्या गडबडीत होते, म्हणून यजमानांनी अर्ज एका एजंटकडे दिला. एजंटने ऑनलाइन फॉर्म भरला, फी भरली आणि बोटांचे ठसे द्यायची तारीख घेतली. गुरुवारची तारीख होती. मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर मी सहज अर्जाची पीडीएफ उघडली. सवय, दुसरं काय.

सगळं ठीक होतं. मग नकाराच्या प्रश्नावर आले. तिथे उत्तर होतं ‘नाही’. मी विचारलं, “आई, तुम्ही आणि अण्णा मागे अमेरिकेला जाणार होतात ना? वन्संच्या बाळंतपणाला?”

“अगं, ते कधीचं! गेलोच कुठे आम्ही?”

“का गेला नाहीत?”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “चेन्नईला गेलो होतो. त्या बाईने दोन प्रश्न विचारले आणि पासपोर्ट परत दिले. नंतर या म्हणाली. नाकारलं वगैरे काही नाही हो. आणि ते चारचौघांत सांगायचं कशाला?”

मंडळी, बऱ्याच घरांत असंच होतं. नकार मिळाला तो दिवस अपमानाचा असतो. मग घरात त्याला वेगळं नाव मिळतं. ‘काम झालं नाही’, ‘कागद कमी पडले’, ‘नंतर बोलावलंय’. बारा वर्षांनी तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसंच आठवतं.

आमच्या सासऱ्यांना फायली ठेवायची सवय होती. ते तेव्हा हयात नव्हते, पण फाइल होती. वर त्यांच्या अक्षरात ‘अमेरिका’ लिहिलेलं. आत वकिलातीचा एक छापील कागद निघाला. तारीख मे २००७. त्यावर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४ (बी) लिहिलेलं होतं. त्याचा सरळ अर्थ असा, की अर्जदार अमेरिकेत कायमचा राहणार नाही याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली नाही. हा नकारच असतो. अधिकाऱ्याने कितीही गोड बोलून ‘परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्ज करा’ म्हटलं, तरी तो नकारच.

दुसऱ्या दिवशी एजंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, फॉर्ममध्ये दहा वर्षांचंच विचारतात. हे २००७ चं आहे. शिवाय ते अमेरिकेचं, आपण यूकेला चाललोय.”

दोन वाक्यांत दोन चुका. आज मला मुख्यतः या दोन चुकांबद्दलच सांगायचंय, कारण त्या फक्त एजंट करत नाहीत, शिकलेसवरलेले इंजिनियरही करतात.

पहिली चूक वर्षांची. यूकेच्या फॉर्ममध्ये प्रवासाचा प्रश्न मागच्या दहा वर्षांपुरता असतो. कुठल्या देशात गेलात, किती वेळा, कशासाठी, हे दहा वर्षांचं. काही पानांनी नकाराचा प्रश्न येतो आणि त्यात ‘कधीही’ हा शब्द आहे. तिथे मुदत नाही. माणूस आधीच्या पानावरचं ‘दहा वर्षं’ डोक्यात घेऊन पुढच्या पानावर जातो आणि तेच तिथेही लावतो. अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्ममध्येही तसंच आहे. तिथे कुठल्या देशांत प्रवास केला हे मागच्या पाच वर्षांचं विचारतात, पण नकाराच्या प्रश्नाला मुदत नाही. म्हणून प्रवासाला खिडकी आहे, नकाराला खिडकी नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी चूक देशाची. अमेरिकेचा फॉर्म विचारतो तो अमेरिकेच्या व्हिसाचा नकार, अमेरिकेच्या सीमेवर नाकारलेला प्रवेश, किंवा तिथे पोहोचल्यावर विमानतळावर मागे घेतलेला प्रवेशाचा अर्ज. म्हणजे उद्या तुमचा फ्रान्सचा व्हिसा नाकारला गेला, तर अमेरिकेच्या त्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ हेच खरं उत्तर. पण यूकेचा फॉर्म विचारतो यूके किंवा दुसरा कोणताही देश. कॅनडाचाही तसाच, कॅनडा किंवा इतर कोणताही देश. तेव्हा प्रत्येक वेळी प्रश्नाला दोन गोष्टी विचारा. कोणत्या देशाचा नकार? आणि किती काळातला? मागच्या फॉर्मचं उत्तर या फॉर्मला लागू होईलच असं नाही.

आता तुम्ही म्हणाल, २००७ चा चेन्नईचा कागद लंडनला कसा कळणार? अमेरिका, यूके, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश इमिग्रेशनच्या कामासाठी एकमेकांशी बोटांचे ठसे पडताळून बघतात. सासूबाईंनी चेन्नईला ठसे दिले होते. म्हणजे कळलं असतंच असं मी म्हणत नाही. पण कळू शकलं असतं. आणि कळल्यावर काय झालं असतं, तो हिशेब मी त्या रात्री घरात सगळ्यांसमोर मांडला.

खरं सांगितलं तर? अधिकारी म्हणेल, बारा वर्षांपूर्वी अमेरिकेने नाकारलं होतं, आता बाईंची परिस्थिती काय आहे? घर आहे, पेन्शन आहे, एक मुलगा बेंगळुरूत आहे. जुना नकार आहे म्हणून यूकेने नाकारलंच पाहिजे असा नियम नाही. तो विचारात घ्यायचा एक मुद्दा, इतकंच. आणि समजा, त्याचं समाधान झालं नाही आणि व्हिसा नाकारला, तर पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज करता येतो.

आणि खोटं सापडलं तर? मग प्रश्न २००७ चा राहत नाही, २०१९ चा होतो. अर्जात फसवणूक केली म्हणून हा अर्ज नाकारला जाऊ शकतो आणि पुढची दहा वर्षं यूकेसाठी केलेले अर्जही त्याच कारणाने नाकारले जाऊ शकतात. सदुसष्ट अधिक दहा, सत्याहत्तर. आई ते ऐकून म्हणाल्या, “म्हणजे पोराच्या मुंजीपर्यंत!”

इतर देशांचंही थोडक्यात सांगते. कॅनडात खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती लपवली असं ठरलं तर पाच वर्षं. ऑस्ट्रेलियात साधारण तीन वर्षं. अमेरिकेत महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं, तर ती अपात्रता कायमची. त्यावर सूट मागता येते, पण प्रत्येक वेळी मागावी लागते आणि मिळेलच असं नाही. बघा, २१४ (बी) चा नकार पुढच्या अर्जात पुसला जाऊ शकतो. पण तो लपवण्यासाठी दिलेलं ‘नाही’ पुसायला फार कठीण.

“पण फॉर्म एजंटने भरला, माझी काय चूक?” हा प्रश्न मला नेहमी येतो. यूकेच्या कोर्ट ऑफ अपीलने २०१० मध्ये एए (नायजेरिया) या खटल्यात यावर निकाल दिलाय. त्या अर्जदाराने पूर्वीच्या शिक्षेबद्दलच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं होतं. कोर्ट म्हणालं, उत्तर नुसतं चुकीचं असणं पुरेसं नाही, त्यात अप्रामाणिकपणा असायला हवा. हे अर्जदाराच्या बाजूचं झालं. पण त्याच निकालात असंही आहे, की तो अप्रामाणिकपणा खुद्द अर्जदाराचाच असला पाहिजे असं नाही. म्हणजे एजंटने माहीत असून ‘नाही’ लिहिलं, तर त्याची झळ अर्जदाराला बसू शकते. प्रामाणिक विसर आणि लबाडी यांत कायदा फरक करतो, हे खरं. पण तो विसर होता हे तुम्हाला हजारो मैलांवरून, कागदावर पटवून द्यावं लागतं. आणि आमच्या बाबतीत तर त्या रात्रीनंतर विसर उरलाच नव्हता. आम्हाला आता माहीत होतं.

मग केलं काय? यूकेचा ऑनलाइन अर्ज एकदा पाठवला की त्यात बदल करता येत नाही. पण बोटांचे ठसे आणि फोटो देण्याआधी अर्ज रद्द केला, तर व्हिसाची फी परत मिळते. गुरुवार उजाडायचा होता. आम्ही बुधवारी अर्ज रद्द केला आणि नवा भरायला घेतला. आणि ऐका, स्वतः अर्ज मागे घेणं म्हणजे नकार नव्हे. तो नकार म्हणून दाखवायचा नसतो. तसंच फॉर्म अपुरा म्हणून न तपासताच परत आला, तर तोही नकार नाही. नकार म्हणजे अधिकाऱ्याने अर्ज पाहून दिलेला निर्णय.

नवा अर्ज या वेळी मीच भरला. सासूबाईंचे दोन्ही पासपोर्ट, जुना आणि नवा, डायनिंग टेबलावर ठेवले. जुन्याच्या शेवटच्या पानावर चेन्नईच्या वकिलातीचा तारखेचा छोटा शिक्काही सापडला. म्हणजे पुरावा इतकी वर्षं घरातच होता.

आधी प्रवास. सासूबाई म्हणाल्या, “दुबई आणि सिंगापूर, बस.” दुबईचा शिक्का २००८ चा निघाला. म्हणजे दहा वर्षांच्या बाहेर, त्या यादीत नको. सिंगापूर-मलेशियाची टूर २०१७ ची, ती हवी. त्यांना एकच देश वाटत होता, होते दोन. मग मी विचारलं, “आणि मुक्तिनाथ?” त्या म्हणाल्या, “ते कुठे परदेशात धरतेस! बसने गेलो, पासपोर्टसुद्धा कुणी बघितला नाही.”

२०१३ मध्ये त्या गोरखपूरहून सुनौलीमार्गे नेपाळला गेल्या होत्या. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टवर शिक्का बसत नाही. पण नेपाळ हा दुसरा देश आहे. भूतानही. प्रश्न ‘कुठल्या देशात गेलात’ असा आहे, ‘कुठला शिक्का आहे’ असा नाही. नेपाळ लिहिला.

शिक्क्यांवर भरवसा ठेवू नका हे आता जास्तच खरं आहे. हाँगकाँग शिक्क्याऐवजी छोटी चिठ्ठी देतं आणि ती आपण हरवतो. सिंगापूर आता ई-मेलवर पास पाठवतं. ऑस्ट्रेलिया सहसा शिक्का मारत नाही. मग तारखा काढायच्या कशा? सोपा उपाय असा. आपल्याकडच्या विमानतळाचे जाण्याचे आणि येण्याचे शिक्के जोड्यांनी लावा. त्या जोडीच्या मधे तुम्ही भारताबाहेर होतात. मग त्या तारखांभोवती ई-मेलमध्ये तिकिटं शोधा, फोनमधले फोटो बघा, ऑफिसच्या कामासाठी गेला असाल तर ट्रॅव्हल डेस्ककडून यादी मागा. अमेरिकेच्या तारखा हव्या असतील तर त्यांच्या सीमाशुल्क विभागाच्या आय-९४ संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकून बघता येतात. विमान बदलताना विमानतळाच्या आतच राहिलात, तर तो प्रवेश नव्हे. इमिग्रेशन पार करून हॉटेलात झोपायला गेलात, तर प्रवेश झाला.

आणि दिवस आठवलाच नाही तर? आठवतो असं दाखवू नका. महिना लिहा, आणि अर्जाच्या शेवटी जादा माहितीची जागा असते तिथे लिहा, की ही तारीख अंदाजे आहे आणि या सहलीचा शिक्का पासपोर्टवर नाही. सासूबाईंच्या नेपाळबद्दल आम्ही तेच केलं.

मग नकाराचा प्रश्न. उत्तर ‘होय’. त्याखाली तपशिलाची चौकट उघडते. लोक इथे दोन टोकं गाठतात. कुणी नुसतं ‘यूएस व्हिसा रिफ्यूज्ड’ लिहून मोकळं होतं, तर कुणी त्या वेळच्या अधिकाऱ्याशी भांडण उकरून काढतं. चौकटीत चार गोष्टी पुरतात. कोणता देश आणि कोणता व्हिसा, कधी आणि कुठे, कागदावर लिहिलेलं कारण, आणि त्यानंतर काय झालं. आम्ही लिहिलं ते साधारण असं होतं: ‘मे २००७ मध्ये चेन्नई येथील अमेरिकी वकिलातीत मी व माझ्या पतींनी पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला. तो कलम २१४ (बी) खाली नाकारला गेला. त्यानंतर मी अमेरिकेसाठी अर्ज केलेला नाही. पतींचे निधन झाले असून मी बेंगळुरू येथे मोठ्या मुलाकडे राहते.’ चार वाक्यं. ‘अन्यायाने नाकारला’ नाही, ‘गैरसमजातून’ नाही. सासऱ्यांच्या फाइलमधला कागद स्कॅन करून सोबत जोडला.

तुमच्याकडे नकाराचा कागद नसेल तर घाबरू नका. महिना आणि वर्ष आठवत असेल तितकं लिहा आणि कागद उपलब्ध नाही हेही लिहा.

आता या भागातल्या, म्हणजे आपल्या टेक पार्कांतल्या मंडळींचे दोन खास प्रश्न.

एक, २२१ (जी). मुलाखत झाली, पासपोर्टसोबत रंगीत चिठ्ठी मिळाली, आणखी कागद मागितले किंवा तपासणी सुरू आहे म्हणाले, आणि दोन महिन्यांनी व्हिसा मिळाला. हा नकार होता का? कायद्याच्या भाषेत होय. २२१ (जी) हा तात्पुरता असला तरी नकारच आहे. अमेरिकेच्या व्हिसा-स्थितीच्या संकेतस्थळावर अशा अर्जासमोर २०२० पासून ‘रिफ्यूज्ड’ हाच शब्द दिसतो. माझा सल्ला असा, ‘होय’ म्हणा आणि एका ओळीत पुढची हकिकत लिहा: अमुक तारखेला २२१ (जी), अमुक तारखेला व्हिसा मंजूर. अशा ‘होय’मुळे अडलेला अर्ज मी पाहिलेला नाही.

दोन, एच-१बी. लॉटरीत नाव आलं नाही, तर तो नकार नाही, कारण तुमच्याबद्दल कुणी निर्णयच घेतलेला नसतो. कंपनीची पिटिशन नामंजूर झाली, तर नामंजूर झाली ती कंपनीची पिटिशन, तुमचा व्हिसा नाही. व्हिसाबद्दल विचारलं असेल तर उत्तर ‘नाही’ असू शकतं. पण तुम्ही अमेरिकेतच होतात आणि मुदतवाढ किंवा स्टेटस बदलणं नाकारलं गेलं, तर यूकेसारख्या फॉर्मच्या प्रश्नात ‘राहण्याची परवानगी नाकारली’ हेही येतं. तिथे उत्तर ‘होय’. म्हणून म्हणते, प्रश्न पूर्ण वाचा.

आणि मुलांचे अर्ज. तुमच्या मुलीला तीन वर्षांची असताना तुमच्यासोबत नाकारलं असेल, तर अठराव्या वर्षी शिकायला जाताना तिच्या फॉर्ममध्येही ‘होय’ येतं. तिला ते आठवणार नाही. ते तुम्हीच तिला सांगायला हवं.

अर्ज गेला, ठसेही दिले आणि मग चूक लक्षात आली तर? निर्णय होण्याआधी स्वतःहून कळवा. ऑस्ट्रेलियाचा चुकीचं उत्तर दुरुस्त करायला स्वतंत्र फॉर्म आहे, क्रमांक १०२३. कॅनडाला त्यांच्या वेबफॉर्मवरून कळवता येतं. अमेरिकेसाठी मुलाखतीआधी डीएस-१६० नव्याने भरता येतो, आणि मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारण्याआधी तुम्हीच सांगायचं, की आधीच्या फॉर्ममध्ये चूक होती. पकडल्यावर सांगितलेलं आणि आधी सांगितलेलं यांत सगळीकडे फरक करतात.

खरं सांगितलं की व्हिसा मिळतोच, असं मी म्हणणार नाही. आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाने सगळं खरं लिहिलं आणि त्याला यूकेने नाकारलं. कारण खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी मोठी रक्कम आली होती आणि ती कुठून आली हे त्याने दाखवलं नव्हतं. सहा महिन्यांनी त्याने त्या रकमेचे कागद लावून पुन्हा अर्ज केला, दोन्ही नकार लिहिले आणि गेला. पहिल्या अर्जात त्याने खोटं लिहिलं असतं, तर दुसरा अर्ज करायला दहा वर्षं थांबावं लागलं असतं.

सासूबाईंचा पासपोर्ट सोळाव्या दिवशी आला. आत सहा महिन्यांचा व्हिसा होता. त्यांनी तो उघडून बघितला आणि मला म्हणाल्या, “त्यांना सांगितलंस ना सगळं, अमेरिकेचं? आणि तरी दिला?” मग सासऱ्यांची ती ‘अमेरिका’ फाइल मागून घेतली आणि नव्या व्हिसाची झेरॉक्स त्यातच लावायला सांगितली. आता घरात सगळ्यांच्या व्हिसाचे कागद, मंजूर आणि नामंजूर, त्याच फाइलमध्ये जातात.

माझं एवढंच. आता प्रश्न घेऊ. फक्त कॅमेरा चालू आहे, तेव्हा पासपोर्ट नंबर आणि अर्जाचे क्रमांक मोठ्याने सांगू नका.